दहा वॉटचं काम, अडतीस वॉटचं बिल

"अरे, एवढीशी तर मोटर आहे. खाऊन खाऊन खाणार किती?"

हे वाक्य मी आजवर तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. एक फ्रिज रिपेअर करणारा, एक ऑफिसातला मित्र (बी.ई. इलेक्ट्रिकल, पण हल्ली जावा लिहितो) आणि एक कोल्ड्रिंक कंपनीचा सेल्समन. तिघांचाही सूर तोच, छोटी गोष्ट आहे, सोड ना राव. तर या वीकेंडला ती सोडायची नाही असं मी ठरवलंय. विषय आहे शेडेड पोल मोटर. नाव ऐकलं नसेल, पण तिचा आवाज नक्की ऐकलाय. मायक्रोवेव्ह चालू केल्यावर आत जो छोटा पंखा घुरघुरतो, त्यात बहुतेक वेळा हीच असते. किराणा दुकानात काचेच्या दाराचा उभा कूलर असतो ना, बाटल्यांचा, त्यात वरच्या जाळीमागे दिवसरात्र गरगरणारा पंखा, तिथंही बऱ्याचदा हीच. आपल्या आजोबांच्या जमान्यातल्या रेकॉर्ड प्लेयरची तबकडीसुद्धा हीच फिरवायची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. ही मोटर म्हणजे एक अफलातून जुगाड आहे, आणि दोन-पाच मिनिटं चालणाऱ्या वस्तूत ती खुशाल असावी. पण जी गोष्ट चोवीस तास चालते त्यात ही मोटर बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं आहे. आणि "सुधारणा होईल हळूहळू" हे उत्तर इथं चालत नाही, कारण या मोटरची उधळपट्टी हा तिचा दोष नाहीच. ती तिची काम करायची पद्धत आहे. हे शेवटचं वाक्य जरा विचित्र वाटेल, म्हणून त्यासाठी आत शिरावं लागेल.

घरात जी वीज येते ती सिंगल फेज. म्हणजे एका कॉइलमध्ये करंट सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होतो आणि चुंबकीय क्षेत्र तेवढ्याच वेळा वाढतं, कमी होतं, उलटतं. पण ते फिरत नाही. एकाच रेषेवर वर-खाली होत राहतं. पायानं चालवायचं शिलाई मशीन आठवा. चाक एकदा फिरायला लागलं की पायट्याच्या वर-खाली हालचालीवर ते मस्त फिरत राहतं. पण थांबलेल्या चाकाला कुठल्या बाजूला फिरायचं हे पायटा सांगू शकत नाही, म्हणून आई आधी हातानं चाकाला झटका द्यायची. सिंगल फेज मोटरचं अगदी हेच होतं. एका रेषेवर हलणारं क्षेत्र म्हणजे उलटसुलट दिशांना फिरणारी दोन सारखी क्षेत्रं, असं गणितात मांडता येतं. थांबलेल्या रोटरला दोन्हीकडून सारखीच ओढ लागते. परिणाम शून्य. मोटर नुसती हूं करत बसते.

म्हणजे प्रश्न फक्त तो पहिला झटका कोण देणार एवढाच आहे. सीलिंग फॅनमध्ये हे काम कपॅसिटर करतो (ज्याला आपला इलेक्ट्रिशियन प्रेमानं कंडेन्सर म्हणतो). दुसरी वाइंडिंग घालायची, तिच्यातला करंट कपॅसिटरनं पुढे सरकवायचा, की क्षेत्र फिरायला लागतं. पण त्याला दुसरी वाइंडिंग लागते, कपॅसिटर लागतो, दोन वायरी जास्त लागतात. पैसे लागतात.

शेडेड पोलवाल्यानं यातलं काहीच केलं नाही. त्यानं लोखंडी पोलच्या तोंडावर एक खाच पाडली आणि त्या पोलच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याभोवती तांब्याची एक जाड, बंद कडी अडकवली. झालं. कडीला वायर नाही, सप्लाय नाही, स्विच नाही. जोडव्यासारखी नुसती बसलेली असते.

आता ही कडी काय करते ते बघू. कॉइलचा फ्लक्स वाढायला लागला की कडीतून जाणारा फ्लक्सही वाढू पाहतो. लेन्झचा नियम बारावीत सगळ्यांनी घोकलाय: बंद कडीत असा करंट निर्माण होतो जो बदलाला विरोध करतो. प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक काका असतात, मेंटेनन्स वाढवा म्हटलं तरी विरोध आणि कमी करा म्हटलं तरी विरोध. कडी म्हणजे ते काका. फ्लक्स वाढत असताना ती म्हणते, इथून नको. मग फ्लक्स पोलच्या उघड्या भागात गर्दी करतो. पुढे फ्लक्स शिखरावर पोचतो, बदल क्षणभर थांबतो, कडीतला करंट जवळपास शून्यावर येतो आणि फ्लक्स पूर्ण पोलभर पसरतो. मग फ्लक्स कमी व्हायला लागतो. आता काका म्हणतात, कमी करायचा नाही! कडीत उलटा करंट वाहतो आणि तिच्या आतला फ्लक्स ती धरून ठेवते. उघड्या भागातला फ्लक्स ओसरलाय, कडीतला अजून आहे.

म्हणजे बाहेरून बघणाऱ्या रोटरला काय दिसलं? चुंबकाचा जोर आधी उघड्या भागात होता, मग मधोमध आला, मग कडीच्या भागात सरकला. उलट्या अर्ध्या आवर्तनात ध्रुव बदलतात, पण सरकण्याची दिशा तीच. उघड्याकडून कडीकडे. रोटर त्या सरकण्यामागे ओढला जातो आणि फिरायला लागतो. म्हणून ही मोटर नेहमी कडीच्या दिशेनेच फिरते, प्लगच्या वायरी उलट्या करून काही होत नाही. दिशा बदलायचीच तर मोटर खोलून स्टेटर उलटा बसवायचा.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की वा, फुकटात मिळाला की झटका! मलाही ही आयडिया मनापासून आवडते. एक तांब्याची कडी, आणि त्या बदल्यात अख्खी दुसरी वाइंडिंग वाचली. पण "फुकटात" या शब्दाशी माझं भांडण आहे.

जरा विचार करा. कडी चांगली म्हणजे कशी? इंजिनिअरिंगवाला डोळे मिटून सांगेल, तांबं जाड घ्या, रेझिस्टन्स कमी करा, लॉस कमी होईल. बरं, करू. रेझिस्टन्स पार शून्य करू. मग कडी बदलाला शंभर टक्के विरोध करेल. तिच्यातून फ्लक्स जाणारच नाही. जो फ्लक्स नाहीच तो उशिरा तरी कसा येणार? मोटर सुरू होणार नाही. बरं, उलट करू. कडी अगदी बारीक, रेझिस्टन्स प्रचंड. मग करंटच वाहणार नाही, विरोध नाही, उशीर नाही. मोटर पुन्हा नुसती हूं.

म्हणजे मधे कुठंतरी चांगली जागा आहे. ती कुठं, हे एका साध्या मॉडेलमध्ये दोन ओळींत निघतं. कॉइलचा जोर कायम धरा, गळती सोडून द्या. कडी किती जोरानं विरोध करते त्या प्रमाणाला x म्हणा. जाड कडी म्हणजे x मोठा, बारीक कडी म्हणजे x छोटा. कडीतल्या फ्लक्सचा जो भाग मुख्य फ्लक्सच्या पूर्ण पाव आवर्तन मागे असतो, म्हणजे ज्या भागामुळे क्षेत्र सरकतं, तो या प्रमाणात येतो:

```
x / (1 + x²)
```

x = 1 ठेवलं तर उत्तर ०.५. दुप्पट जाड कडी, x = 2, उत्तर ०.४. निम्मी कडी, x = 0.5, तरी ०.४. म्हणजे सगळ्यात चांगली जागा x = 1. तिथं कडीतला फ्लक्स ४५ अंश मागे राहतो आणि त्याचा आकार मूळच्या सत्तर टक्के उरतो. याहून जास्त या मॉडेलमध्ये निघत नाही. कपॅसिटरवाली मोटर ९० अंशांच्या जवळ जाऊ शकते, ही बिचारी अर्ध्या वाटेवर थांबते. त्यामुळे तिचं क्षेत्र नीट गोल फिरत नाही, लंगडत फिरतं.

पण खरी गंमत पुढे आहे. आता याच मॉडेलमध्ये कडीत उष्णता किती होते ते काढा. कागद-पेन घेऊन बसलात तर पाच मिनिटांचं काम आहे. उत्तर येतं... पुन्हा x / (1 + x²) च्या प्रमाणात. तेच सूत्र! झटका देणारा फ्लक्स आणि कडीत जळणारी वीज एकमेकांच्या हातात हात घालून वाढतात आणि हातात हात घालून कमी होतात. जिथं झटका सगळ्यात जास्त, तिथंच लॉस सगळ्यात जास्त. त्यामागचं कारणही सरळ आहे. फ्लक्स जेव्हा कॉइलच्या जोरापेक्षा मागे राहतो, तेव्हा त्या मागे राहण्याचा अर्थच कॉइलमधून वीज कुठंतरी खर्ची पडतेय असा होतो. आणि पोलच्या त्या कोपऱ्यात खर्ची पडायला कडीशिवाय दुसरं आहे काय?

म्हणून मी म्हटलं की हा दोष नाही, ही पद्धत आहे. कडीतली उष्णता बंद केलीत तर मोटर सुरू होणं बंद होईल. चांगलं तांबं, चांगलं लोखंड, चांगला कारागीर, काहीही आणा, हा खर्च वाटाघाटीला बसत नाही.

आणि सगळ्यात चिडचिड होण्यासारखा भाग म्हणजे झटका फक्त पहिल्या एक-दोन सेकंदांसाठी हवा असतो. शिलाई मशीनला आई एकदाच हात लावायची. इथं कडी मात्र कायमची अडकवलेली आहे. तिला बंद करायला स्विच नाही, असता तर मोटर स्वस्तच राहिली नसती. मोटर सुरू झाली, वेगात आली, वर्षभर चालली, तरी कडी सेकंदाला पन्नास आवर्तनं आपला करंट वाहून गरम होतेच आहे. आमच्या धंद्यात याला उपमा द्यायची तर, प्रोग्रॅम सुरू करण्यासाठी लिहिलेला एक लूप कुणीतरी बंद करायला विसरला, आणि तो वर्षानुवर्षं सीपीयू खात बसला. फरक इतकाच की इथं कुणी विसरलेलं नाही. ठरवून ठेवलंय.

आता एक खरी मोटर घेऊ. बाटल्यांच्या कूलरमध्ये किंवा छोट्या कोल्ड रूममध्ये जी चौकोनी मोटर असते, मुठीएवढी, तिच्या पाट्यांवर बऱ्याचदा दोन आकडे असतात. १०/३८ वॉट असं काहीतरी, कुठं ३६, कुठं ४०. पहिला आकडा शाफ्टवर मिळणारी ताकद, दुसरा वायरीतून ओढलेली वीज. स्वतःच्याच पाटीवर स्वतःचा निकाल छापलेला! १० भागिले ३८, म्हणजे २६ टक्के. बाजारात ही मोटर "दहा वॉटची" म्हणूनच मागतात आणि विकतात, त्यामुळे दुकानदाराला प्रामाणिकपणे वाटतं की हा पंखा दहा वॉट खातो.

उरलेले २८ वॉट जातात कुठं? पुस्तकात पटकन स्लिपकडे बोट दाखवतात. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर आदर्शपणे मिनिटाला १५०० फेरे घ्यायला हवी, ही घेते साधारण १३००. पण हिशोब करून बघा. शाफ्टवर १० वॉट आणि घर्षणाचा एक धरा, म्हणजे ११. ते १३०० वर मिळतायत, तर सुलट्या क्षेत्रानं हवेच्या फटीतून रोटरला दिलेले वॉट झाले ११ × १५०० ÷ १३००, म्हणजे १२.७. स्लिपचा खर्च पावणेदोन वॉट. बास. म्हणजे ३८ पैकी २५ वॉट सुलट्या कामापर्यंत पोचलेच नाहीत. ते कॉइलच्या बारीक तारेत गेले, स्वस्त स्टॅम्पिंगमध्ये गेले, कडीत गेले, आणि त्या लंगड्या क्षेत्राचा जो उलटा भाग रोटरला मागे ओढत असतो त्याच्याशी भांडण्यात गेले. छोट्या मोटरला आकाराचाही शाप आहेच. हवेची फट एका मर्यादेपेक्षा बारीक करता येत नाही, त्यामुळे नुसतं चुंबकत्व उभं करायलाच भरपूर करंट लागतो, आणि तो करंट कॉइल तापवतो. पण आकाराचा शाप सगळ्याच छोट्या मोटरींना असतो, आणि त्याच आकाराची कपॅसिटरवाली मोटर साधारण याच्या दीडपट-दुप्पट कार्यक्षम निघते. तेव्हा आकाराच्या मागे लपता येणार नाही.

आता पंखा कुठं बसलाय ते बघा. कूलरच्या आत, थंड कपाटात. तिथं मोटरचे ३८ च्या ३८ वॉट शेवटी उष्णता होतात. हवेला दिलेली ताकदसुद्धा आतच घुसळून विरते. म्हणजे थंड करायच्या कपाटात आपण ३८ वॉटचा एक छोटा हीटर लावून ठेवलाय, आणि ती उष्णता बाहेर काढायला काँप्रेसर आणखी वीज खातो. एक वॉट विजेत काँप्रेसर दोन वॉट उष्णता बाहेर फेकतो असं धरलं, तर ३८ साठी आणखी १९. एकूण ५७ वॉट.

त्याच जागी, त्याच बोल्टवर बसणारी इलेक्ट्रॉनिक मोटर मिळते, जिला हल्ली पंख्यांच्या जाहिरातींमुळे सगळे बीएलडीसी म्हणून ओळखतात. रोटरवर कायमचे चुंबक, कडी नाही, उलटं क्षेत्र नाही. शाफ्टवर तेच १० वॉट द्यायला ती साधारण १५ घेते. काँप्रेसरचे साडेसात धरून साडेबावीस. फरक साडेचौतीस वॉट. वर्षाचे ८,७६० तास. ३०० युनिटच्या थोडं वर. व्यापारी दर सगळं धरून युनिटला १० रुपये समजा, तर वर्षाला तीन हजार रुपये. एका पंख्याचे. मोटरच्या किमतीतला फरक तुम्ही हजार धरा, दीड हजार धरा, चला माझ्याशी भांडायचं म्हणून दोन हजार धरा, तरी वर्षाच्या आत फिटतो. आणि कूलर काही एका वर्षात भंगारात जात नाही.

मग का बसवतात?

कारण कूलर विकत घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात जो कूलर आहे तो दुकानदारानं घेतलेला नाही. एका कोल्ड्रिंक कंपनीनं ठेवलाय, अट एवढीच की त्यात त्यांच्याच बाटल्या ठेवायच्या. दुकानदार काकांना वाटतं फुकट मिळाला. मी त्यांच्या परवानगीनं एका रविवारी प्लगमध्ये घालायचा वॉटमीटर लावला. काँप्रेसर बंद असताना, लाइट काढून, नुसता आतला पंखा ४१ वॉट दाखवत होता. मी म्हटलं, "काका, हा पंखा महिन्याला तीसेक युनिट खातो, वर काँप्रेसरचे वेगळे."

काका म्हणाले, "मग काय करू, बंद करू? बाटल्या गरम होतील. आणि त्यांच्या मशीनला हात लावला तर ते उचलून नेतील."

बरोबर आहे त्यांचं. मोटर बदलायचा अधिकार ज्याला आहे त्याला बिल येत नाही, आणि बिल येतं त्याला स्क्रूड्रायव्हर लावायची परवानगी नाही. अशा ठिकाणी "ग्राहकांनी जागरूक व्हावं" छापाचे सल्ले देणाऱ्यांचा मला राग येतो. जागरूक होऊन काकांनी करायचं काय?

इथं नियमच लागतो, आणि तो करता येतो हे सिद्ध झालंय. अमेरिकेत २००७ च्या ऊर्जा कायद्यानं वॉक-इन कोल्ड रूमपुरता हा प्रश्न दोन ओळींत निकालात काढला. १ जानेवारी २००९ पासून बनणाऱ्या कोल्ड रूममध्ये आतल्या, एक हॉर्सपॉवरखालच्या पंख्यांना इलेक्ट्रॉनिक किंवा थ्री फेज मोटरच हवी. शेडेड पोल बाद, आणि आतल्या पंख्याला साधी कपॅसिटर मोटरही बाद. बाहेरच्या, कंडेन्सरच्या पंख्याला मात्र कपॅसिटर मोटर चालेल असं म्हटलं. हा भेद मला फार आवडतो. आतली उष्णता दोनदा महाग पडते, बाहेरची एकदाच, हे कायदा लिहिणाऱ्याला कळलं होतं. याउलट युरोपातला पंख्यांचा नियम १२५ वॉटच्या वरच सुरू होतो, त्यामुळे आपली ही अडतीस वॉटवाली बाई त्याच्या खालून आरामात निसटते. आपल्याकडे सीलिंग फॅनना स्टार लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं, आणि दुकानात बीएलडीसी पंखे दिसायला लागले. पण सीलिंग फॅनमध्ये आधीपासूनच कपॅसिटर मोटर होती! म्हणजे जी मोटर त्यातल्या त्यात बरी होती तिच्यावर स्टार लागले.

आता विरोधी बाजू. माझा जावावाला मित्र म्हणतो, शेडेड पोल मरत नाही. यात तथ्य आहे. तिच्यात बिघडायला आहेच काय? एक कॉइल, दोन बुश. रोटर अडकला तरी करंट फार वाढत नाही, त्यामुळे बऱ्याच छोट्या मोटरी तासन्‌तास अडकून राहिल्या तरी जळत नाहीत. (हासुद्धा गचाळपणाचाच फायदा. चालताना इतका करंट खाते की अडकल्यावर वाढायला जागाच कमी.) इलेक्ट्रॉनिक मोटरला व्होल्टेजचे धक्के बसतात, सर्किट उडतं, आणि उडालं की गल्लीतला मेकॅनिक ते दुरुस्त करत नाही, अख्खी मोटर बदलतो. ज्या गावात लाइट दिवसातून सहा वेळा जाते-येते तिथं हा मुद्दा हसण्यावारी नेता येणार नाही. पण मग कपॅसिटर मोटर आहे ना! तिच्यात सर्किट नाही. कपॅसिटर गेला तर बदलता येतो, हे प्रत्येक गल्लीत जमतं. "एक तर शेडेड पोल नाहीतर नाजूक इलेक्ट्रॉनिक्स" ही निवडच खोटी आहे.

शिवाय "मरत नाही" हेही अर्धंच खरं. तिचा झटका मुळात इतका दुबळा असतो की बुशमधलं तेल सुकलं, पात्यावर धूळ-चिकटा बसला किंवा बर्फ टेकला, की ती सुरू व्हायला नकार देते. मरत नाही, पण उठतही नाही. मेकॅनिक येतो, बोटानं पातं ढकलतो, पंखा फिरतो, "झालं" म्हणून पैसे घेऊन जातो. लाइट एकदा गेली की पुन्हा तेच. इथं एक ओळखायची खूण सांगतो. (बोट नको, प्लॅस्टिकची पट्टी वापरा.) पातं आधी एका दिशेला ढकला, मग दुसऱ्या. ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला फिरत राहिला तर ती कपॅसिटर मोटर आहे आणि कपॅसिटर गेलाय. एकाच दिशेला फिरतो आणि उलट ढकलला तर रडत थांबतो, तर ती शेडेड पोल आहे, कडी ठीक आहे, बुश सुकलाय. बुश साफ करून तेल द्या. अशा वेळी "मोठी मोटर टाकू, दहाच्या जागी सोळाची" असं कुणी म्हटलं तर टाकू देऊ नका. हवा किती ढकलायची ते पातं ठरवतं, मोटर नाही. पातं तेच राहिलं तर हवा जेमतेम तेवढीच मिळेल आणि बिल मात्र सोळावाल्या मोटरचं येईल.

आणि मोजायचं असेल तर क्लॅम्प मीटरनं मोजू नका. या मोटरचा करंट व्होल्टेजच्या बराच मागे चालतो. पाव अँपिअर दिसला म्हणून २३० नं गुणलंत तर ५७ येतात, खरे वॉट असतात अडतीसच्या आसपास. विरोधकाला तेवढंच निमित्त पुरतं, "बघा, आकडे फुगवून सांगतोय". प्लगचा वॉटमीटर हजार-पंधराशेत मिळतो, तो वापरा.

मायक्रोवेव्हमधल्या पंख्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही, हे पुन्हा सांगतो. दिवसाला दहा मिनिटं चालतो, वर्षाला साठ तास. तिथं वीस वॉट वाया गेले तरी वर्षाला सव्वा युनिट. तिथं महागडी मोटर घालणं हाच खुळेपणा. तांब्याची कडी वाईट नाही. तीच कडी एसी काँटॅक्टरच्या लोखंडी तोंडावरही बसलेली असते, फ्लक्स क्षणभरही पूर्ण शून्य होऊ नये आणि काँटॅक्टर खडखडू नये म्हणून, आणि तिथं तिच्यावर कुणीच आक्षेप घेत नाही.

काकांच्या कूलरचं काय झालं असं विचाराल. सेल्समन पुढच्या खेपेला आला तेव्हा मी दुकानातच होतो. त्याला वॉटमीटरचा आकडा दाखवला, वर्षाचा हिशोब सिगारेटच्या पाकिटावर करून दाखवला. त्यानं तो सुरुवातीचा डायलॉग मारला. मी म्हटलं ठीक आहे, मग ते तीन हजार तुमची कंपनी भरेल का? त्यावर तो म्हणाला की ते माझ्या हातात नाही, वर विचारतो. "वर" म्हणजे नेमकं कोण हे काकांनी त्याच्याकडून लिहून घेतलंय. पुढचं पत्र मी टाइप करून देणार आहे, वॉटमीटरच्या फोटोसकट.

तुमच्या ऑफिसखालच्या टपरीवर असा कूलर असेल तर पाटीवरचे दोन आकडे तेवढे बघून ठेवा आणि मला कळवा.